सगळीच कामे तातडीची, मग आधी कोणते?

तालुक्याच्या गावातली एखादी नागरी सहकारी बँक डोळ्यांसमोर आणा. वीस-बावीस शाखा, जुने सभासद, ओळखीवर चालणारा बराचसा व्यवहार. मुख्य कार्यालयात वरच्या मजल्यावर आयटी विभाग. तिथे माणसे चार. त्यांतली दोन शाखांच्या रोजच्या तक्रारींत गुंतलेली. कुठे प्रिंटर रुसला, कुठे कॅशिअरचा पासवर्ड अडकला, कुठे दिवसअखेरीचा हिशेब जुळेना. नवे काही करायचे तर उरली दोन माणसे. आणि या दोघांच्या टेबलावर एकाच महिन्यात सात कामे येऊन पडली आहेत. प्रत्येक कागदावर ‘तातडीचे’ असा शेरा आहे.

ही बँक मी नमुन्यादाखल रचली आहे आणि तिचे आकडेही हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. पण अशा टेबलाशी बसलेली माणसे मराठी वाचकांच्या घराघरांत आहेत. त्यांची अडचण खरी आहे आणि तिच्यावर एक साधी, सत्तर वर्षे जुनी रीत आहे: प्रत्येक कामाचे मूल्य ठरवायचे, त्याला लागणारे श्रम ठरवायचे, पहिल्याला दुसऱ्याने भागायचे आणि येणाऱ्या आकड्याप्रमाणे कामे लावायची. रीत इतकी साधी आहे की ती पुष्कळदा चुकीची वापरली जाते. म्हणून ती या बँकेच्या टेबलावर शेवटपर्यंत करून पाहू.

मागण्या अशा आहेत. वसुली विभागाला हप्त्याच्या तारखेआधी कर्जदाराला आपोआप एसएमएस जायला हवा आहे; हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की कर्ज अनुत्पादक होते, त्यासाठी नफ्यातून तरतूद करावी लागते आणि मग वसुली अधिकाऱ्याची झोप उडते. सोने तारण पाहणाऱ्यांना रोजचा सोन्याचा दर मुख्य कार्यालयातून एकदाच भरला जायला हवा आहे, कारण आज प्रत्येक शाखा तो हाताने भरते आणि एक आकडा चुकला की तारणापेक्षा जास्त कर्ज दिले जाते. शाखाधिकाऱ्यांना पासबुक छपाई दुरुस्त करून हवी आहे. नोंदी एकावर एक छापल्या जातात आणि काउंटरवर रांग वाढते. ठेव विभागाला मुदत ठेव संपण्याआधी ठेवीदाराला सूचना जायला हवी आहे. तरुण संचालकांना मोबाइल ॲप हवे आहे. अध्यक्षांना त्यांच्या टॅबवर सर्व शाखांची स्थिती एका नजरेत दाखवणारा डॅशबोर्ड हवा आहे. आणि अनुपालन अधिकाऱ्याला रिझर्व्ह बँकेकडे पाठवायचे एक विवरणपत्र नव्या नमुन्यात नऊ आठवड्यांच्या आत तयार हवे आहे.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी जे घडते ते सगळ्यांना ठाऊक आहे. अध्यक्षांचे काम पहिले. मग ज्याचा फोन दिवसातून तीनदा येतो त्याचे. पासबुकाची तक्रार करणारा शाखाधिकारी चाळीस किलोमीटरवर असतो, त्याचा नंबर शेवटी. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. मेंग झू, यांग यांग आणि ख्रिस्तोफर सी या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रयोगांनी दाखवले की मुदत जवळ आलेली दिसली की माणसे कमी फायद्याचे काम आधी उचलतात आणि जास्त फायद्याचे मागे ठेवतात. घाई स्वतःच लक्ष वेधून घेते. म्हणून ‘तातडी’ हा शब्द ऐकला की पहिले काम एकच: तो उलगडून पाहणे.

त्यासाठी मागणाऱ्याला एक प्रश्न विचारायचा. ‘हे काम एक आठवडा उशिरा झाले, तर त्या एका आठवड्यात नेमके काय बिघडेल?’ हा प्रश्न सगळ्यांना त्याच शब्दांत विचारायचा, अध्यक्षांनासुद्धा.

उत्तरे तीन जातींची येतात. पहिल्या जातीत नुकसान दर आठवड्याला ठिबकत असते. वसुली अधिकारी सांगतो, ‘दर आठवड्याला काही कर्जदार केवळ विसरल्यामुळे हप्ता चुकवतात, आणि मग त्यांच्या दारात माणूस पाठवावा लागतो.’ दुसऱ्या जातीत एका तारखेपर्यंत काहीच बिघडत नाही आणि त्या तारखेनंतर एकदम बिघडते. विवरणपत्र हे असे काम. तिसऱ्या जातीत उत्तर येते, ‘मी शब्द दिला आहे.’ हे तिसरे उत्तर हसण्यावारी नेऊ नये. सहकारी संस्थेत दिलेल्या शब्दाला किंमत असते. पण तो शब्द नेमका कशाचा, हे पुढे विचारावे लागते.

अध्यक्षांच्या डॅशबोर्डचे तसेच आहे. त्यांना घाई आहे ती वार्षिक सर्वसाधारण सभेची. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, ती घ्यावी लागते आणि तिथे सभासद शाखानिहाय ठेवी, कर्जे, थकबाकी विचारतात. मग सभेला लागणार काय? पाच-सहा आकडे, शाखावार. ते लेखा विभाग एका दिवसात कागदावर काढून देऊ शकतो. सभेची तातडी त्या कागदाने भागते. उरलेला डॅशबोर्ड उपयोगाचा आहे, पण त्याला आता तारीख चिकटलेली नाही. मागणीतली तातडी आणि मागणीचा आकार या दोन गोष्टी अशा वेगळ्या करता आल्या की भांडणाचा मोठा भाग आकडे मांडण्याआधीच विरघळतो.

आता गुण. मूल्यासाठी १, २, ३, ५, ८, १३ एवढेच आकडे वापरायचे. सॉफ्टवेअर क्षेत्रात ही शिडी रुळलेली आहे आणि तिच्यामागे विचार आहे: लहान गोष्टींतला फरक माणसाला नीट सांगता येतो, मोठ्यांतला सांगता येत नाही. एखाद्या कामाचे मूल्य अकरा की बारा यावर अर्धा तास वाद घालण्यात अर्थ नसतो, म्हणून आठनंतर सरळ तेरा. सगळ्यांना माहीत असलेले एखादे झालेले काम धरून त्याला ३ द्यायचे आणि बाकीची त्याच्याशी ताडून पाहायची. हे काम त्याच्या दुपटीहून जास्त मोलाचे वाटते? मग ८. श्रम मोजायचे आठवड्यांत, म्हणजे ती दोन माणसे दुसरे काहीही न करता बसली तर किती आठवडे.

इथे रीत सर्वाधिक चुकते. मूल्य म्हणून कामाचा एकूण फायदा लिहायचा नाही. एका आठवड्याच्या उशिराने जे जाते, ते लिहायचे. ॲपचा एकूण फायदा पुढच्या दहा वर्षांत प्रचंड असेलही, पण रांग लावताना आपल्याला एवढेच ठरवायचे आहे की कोणी थांबायचे. आणि थांबण्याची किंमत आठवड्याला असते. उत्पादन-विकासावर लिहिणारे डोनाल्ड रायनर्टसन यांनी २००९ च्या आपल्या पुस्तकात या ‘उशिराच्या किमती’वर सगळा भर दिला. बऱ्याच संस्थांनी त्यांचे सूत्र उचलले, पण मूल्याच्या रकान्यात पुन्हा एकूण फायदाच भरू लागल्या. रकान्याच्या डोक्यावर ‘मूल्य’ऐवजी ‘एक आठवडा उशीर झाल्यास नुकसान’ एवढे लिहिले तरी ही चूक बरीच टळते.

विवरणपत्र तूर्त बाजूला ठेवू. उरलेल्या सहा कामांचा तक्ता असा आला:

| काम | मूल्य | श्रम (आठवडे) | मूल्य ÷ श्रम |
|---|---|---|---|
| सोन्याचा दर | ५ | १ | ५ |
| हप्त्याचा एसएमएस | ८ | २ | ४ |
| पासबुक छपाई | ३ | १ | ३ |
| ठेवीची सूचना | ५ | २ | २.५ |
| मोबाइल ॲप | १३ | १३ | १ |
| डॅशबोर्ड | ३ | ६ | ०.५ |

भागाकारच का? बेरीज का नाही, किंवा नुसते मूल्य पाहून वरून खाली का लावू नये? याचे उत्तर १९५६ चे आहे. वेन स्मिथ यांनी नौदलाच्या पुरवठा-संशोधनाला वाहिलेल्या एका अमेरिकी नियतकालिकात एक छोटा निबंध लिहिला: एक यंत्र, त्यावर करायची अनेक कामे, प्रत्येकाचे वजन वेगळे आणि वेळ वेगळा, तर कोणत्या क्रमाने केल्यास ताटकळण्याची एकूण किंमत सर्वात कमी? त्यांचा निष्कर्ष असा की वजनाला वेळेने भागावे आणि मोठ्या भागाकारापासून सुरुवात करावी. सिद्धता इतकी सोपी आहे की ती इथेच करता येते. फक्त दोन कामे घ्या, डॅशबोर्ड आणि हप्त्याचा एसएमएस. डॅशबोर्ड आधी केला तर एसएमएस सहा आठवडे थांबतो. त्याचे नुकसान आठवड्याला ८, म्हणून एकूण ४८. एसएमएस आधी केला तर डॅशबोर्ड दोन आठवडे थांबतो. त्याचे आठवड्याला ३, म्हणून ६. अठ्ठेचाळीस विरुद्ध सहा. शेजारशेजारच्या कोणत्याही दोन कामांना हाच हिशेब लावता येतो, आणि तो लावत गेलो की सगळी रांग भागाकाराच्या क्रमाने उभी राहते.

आता पूर्ण रांगेचा हिशेब पाहा. प्रत्येक काम कितव्या आठवड्याच्या अखेरीस हाती येते ते मोजायचे, त्याला त्या कामाच्या मूल्याने गुणायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. अधिकाराच्या क्रमाने गेलो, म्हणजे डॅशबोर्ड, मग ॲप, मग एसएमएस, ठेव, सोने आणि शेवटी पासबुक, तर बेरीज येते ७४३. नुसते मूल्य पाहून मोठ्याकडून लहानाकडे गेलो, तर ॲप पहिले लागते आणि बेरीज ५९१. भागाकाराने गेलो तर ३९३. माणसे तीच, श्रम तेच, तिन्ही वेळा सगळे काम पंचवीस आठवड्यांतच संपते. बदलला फक्त क्रम, आणि ताटकळण्याचे नुकसान जवळपास निम्म्यावर आले. मला या रीतीत हीच गोष्ट फार मोलाची वाटते. कोणालाही जास्त राबवावे लागले नाही आणि कोणाचे काम रद्दही झाले नाही.

पण ‘३९३’ हा आकडा जितका नेमका दिसतो तितका तो नसतो, कारण त्याच्या तळाशी अंदाज आहेत. पासबुकाचे ३ आणि ठेवीच्या सूचनेचे २.५ यांत फरक आहे असे छातीठोक सांगता येणार नाही. पासबुकाला एकाऐवजी दोन आठवडे लागतील असे कोणी म्हटले की त्याचा भागाकार लगेच १.५ होतो आणि ते खाली जाते. लहान छेदाची ही खोड आहे: एकाचे दोन झाले की गुण निम्मे. म्हणून तक्ता तयार झाला की प्रत्येक श्रमाचा आकडा एक पायरी वर आणि एक पायरी खाली सरकवून पाहावे. ॲपला तेराऐवजी वीस आठवडे धरा किंवा आठ, ते सोन्याच्या दराच्या वर कधीच जात नाही. तो निर्णय पक्का. पासबुक आणि ठेव मात्र जागा बदलतात. तिथे तक्त्याने निर्णय दिलेला नाही. या दोहोंपैकी आधी कोणते, हे माणसांनी दुसऱ्या कारणाने ठरवावे, उदाहरणार्थ त्या आठवड्यात छपाईचे जाणणारा माणूस रजेवर आहे का.

मग इतक्या कच्च्या अंदाजांवर विसंबायचे तरी का, असा रास्त प्रश्न पडतो. रॉबिन डॉज या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये एका गाजलेल्या निबंधात दाखवले की चार-दोन योग्य बाबी निवडून त्यांना सारखेच वजन देणारे ओबडधोबड सूत्रसुद्धा पुष्कळदा जाणत्या माणसाच्या एकत्रित अंदाजाहून बरे ठरते. कोणती बाब महत्त्वाची हे माणसाला चांगले कळते. त्या सगळ्या बाबी डोक्यात एकत्र करताना तो घसरतो. आज ज्याचा फोन आला त्याच्याकडे झुकतो, उद्या दुसऱ्याकडे. सूत्र झुकत नाही. सहाही कामांना ते एकच फूटपट्टी लावते, एवढेच त्याचे सामर्थ्य, आणि ते पुरेसे आहे.

आकडे मिळवण्याची पद्धत मात्र कसोशीने पाळावी लागते. मूल्य मागणाऱ्यांनी ठरवायचे आणि श्रम करणाऱ्यांनी. ‘दोन दिवसांचे तर काम आहे’ हे मागणाऱ्याचे वाक्य तक्त्यात कधीही येता कामा नये. मूल्याचे गुण आधी लिहून मिटवायचे आणि श्रम त्यानंतरच उघड करायचे. हा क्रम उलटला की माणसे मनातल्या मनात भागाकार करून आपल्याला हवे ते मूल्य सांगतात. आणि गुण सगळ्यांनी चिठ्ठीवर लिहून एकाच वेळी उघडायचे. सॉफ्टवेअरमध्ये श्रमाच्या अंदाजासाठी जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये पत्त्यांनी खेळायची अशी पद्धत मांडली. तिच्यात प्रत्येकजण आपले पान पालथे ठेवतो आणि सगळे मिळून उलटतात. आपल्याकडच्या बैठकीत तिची गरज जास्तच आहे. सरव्यवस्थापक ‘माझ्या मते आठ’ म्हणाले की टेबलाभोवती सगळीकडे आठ दिसू लागतात. चिठ्ठ्या एकत्र उघडल्या तर एकाच कामाला एकाने २ आणि दुसऱ्याने १३ दिलेले दिसते, आणि बैठकीतला सर्वात उपयोगी क्षण तोच असतो. सरासरी काढायची नाही. दोन म्हणणारा आणि तेरा म्हणणारा, दोघांनाच बोलू द्यायचे. सोन्याच्या दराला कमी गुण देणाऱ्याला ठाऊकच नसते की मागच्या वर्षी एका शाखेत चुकीच्या दराने पावत्या निघाल्या होत्या. ते कळले की तो स्वतःच चिठ्ठी बदलतो.

महिन्या-दोन महिन्यांत या रीतीला एक रोग जडतो. आपले काम वर यावे म्हणून प्रत्येकजण मूल्य फुगवतो. कोणी खोटे बोलत नसतो. ज्याला त्याला आपलेच दुःख मोठे. लक्षण ओळखायला सोपे आहे. मूल्याचा रकाना पाहा: सगळीकडे ८ आणि १३ दिसू लागले तर मूल्याला अर्थ उरलेला नाही, आणि तक्ता प्रत्यक्षात फक्त श्रमाने लावला जातो आहे. सर्वात लहान काम सर्वात वर, हे त्याचे उघड चिन्ह. यावर उपाय म्हणजे गुणांची टंचाई करणे. प्रत्येक फेरीत १३ एकाच कामाला, ८ फार तर दोघांना. मग वसुली अधिकारी आणि ॲप मागणारा संचालक यांना आयटी विभागाशी भांडावे लागत नाही. एका तेरासाठी ते एकमेकांशी बोलतात. दोघांनाही बँकेचे हित कळते, पण तोवर एकाची गरज दुसऱ्यासमोर मांडलीच गेलेली नसते. आयटीच्या त्या दोन मुलांनी सगळ्यांच्या रागाचे धनी व्हायचे, ही पद्धत अन्यायाची आहे आणि अनेक चांगली माणसे तिच्यामुळे नोकरी सोडून जातात.

दुसरी अडचण ॲपची. तेरा आठवड्यांचे काम भागाकारात नेहमीच मागे पडणार. वरून सतत लहान कामे येत राहिली तर त्याचा नंबर कधीच लागणार नाही, आणि पाच वर्षांनी बँकेच्या हातात चकचकीत दुरुस्त्यांचा ढीग असेल, पण ॲप नसेल. याला उत्तर म्हणून मूल्य वाढवून चालत नाही. काम फोडावे लागते. ग्राहकाला ॲपमध्ये सर्वात आधी काय हवे असते? शिल्लक आणि मागच्या नोंदी. एवढाच भाग चार आठवड्यांचा आहे आणि तेरापैकी आठ मूल्य त्यात आहे. त्याचा भागाकार २. उरलेला भाग, म्हणजे पैसे पाठवणे, चेकबुक मागवणे वगैरे, नऊ आठवड्यांचा आणि ५ मूल्याचा, भागाकार ०.५६, डॅशबोर्डच्या जवळपास. पहिला तुकडा ठेवीच्या सूचनेनंतर लगेच बसतो. रांगेची बेरीजही ३९३ वरून ३२१ वर येते. शिवाय शिल्लक पाहायला ग्राहक ॲप उघडू लागला की पासबुकाच्या रांगेतली काही माणसे आपोआप कमी होतात, हा फायदा तक्त्यात धरलेलाही नाही.

आता बाजूला ठेवलेले विवरणपत्र. त्याला गुण द्यायचे नाहीत. ज्या कामाचे नुकसान एका तारखेपर्यंत शून्य आणि नंतर अवाढव्य, त्याला दर आठवड्याचा आकडा लावला की तो एकतर हास्यास्पद लहान येतो किंवा सगळ्यांना चिरडतो. अशा कामासाठी तारखेपासून मागे मोजायचे. मुदत नऊ आठवड्यांची, काम दोन आठवड्यांचे, चाचणी आणि अडचणींसाठी एक आठवडा राखीव. म्हणजे सहावा आठवडा संपताना ते सुरू झालेच पाहिजे, आणि त्याआधी सुरू करण्याने काही मिळत नाही. तक्ता पाहा: सोने, एसएमएस, पासबुक, ठेव ही चारही कामे सहाव्या आठवड्याअखेर संपतात. विवरणपत्र तिथे नेमके बसते. अनुपालन अधिकारी मात्र पहिल्या दिवसापासून अस्वस्थ असणार, आणि त्यांना ‘होईल हो’ म्हणून भागणार नाही. सुरुवातीची तारीख कागदावर लिहून द्यायला हवी. ज्याला तारीख मिळते त्याचे फोन कमी होतात.

इथवर सगळे सुरेख जुळले. मग आयटीतल्या एकीने एसएमएसचे काम उघडून पाहिले आणि सांगितले की कर्जदारांचे मोबाइल क्रमांक निम्मेअधिक जुने आहेत. काहींच्या खात्याला मुलाचा क्रमांक, काहींना शाखाधिकाऱ्याने सोयीसाठी भरलेला दहा वेळा नऊ. क्रमांक शुद्ध केल्याशिवाय एसएमएस पाठवण्यात अर्थ नाही. हे एक आठवड्याचे काम, जे कोणीच मागितले नव्हते आणि ज्याचे स्वतःचे मूल्य शून्य. स्मिथ यांचा नियम कामे एकमेकांवर अवलंबून नाहीत असे धरून चालतो. ती अवलंबून असली तर साखळी एकत्र मोजावी लागते: क्रमांकशुद्धी आणि एसएमएस मिळून तीन आठवडे, मूल्य ८, भागाकार २.६७. एसएमएस आता पासबुकाच्या खाली गेला. ठेवीच्या सूचनेला तेच शुद्ध क्रमांक आयते मिळतात, म्हणून तिचा भागाकार बदलत नाही. नवी रांग: सोने पहिल्या आठवड्यात, पासबुक दुसऱ्यात, क्रमांकशुद्धी तिसऱ्यात, एसएमएस पाचव्याअखेर. आता ठेवीची सूचना लगेच घेतली तर ती सातव्याअखेर संपेल आणि विवरणपत्राचा राखीव आठवडा जाईल. म्हणून विवरणपत्र मध्ये घ्यायचे, सातव्याअखेर पूर्ण; ठेवीची सूचना नवव्याअखेर. ठेव विभागाला हे पटणार नाही, पण आपले काम तीन आठवडे का सरकले हे त्यांना तक्त्यावर बोट ठेवून दाखवता येते. एक आठवडा क्रमांकशुद्धीने घेतला, दोन आठवडे विवरणपत्राने.

उरला अध्यक्षांचा अधिकार. समजा ते म्हणाले, ‘तुमचा तक्ता ठीक आहे, पण डॅशबोर्ड पहिला करा.’ तसे म्हणण्याचा त्यांना अधिकार आहे, आणि कधीकधी त्यांच्याजवळ असे कारण असते जे तक्त्यात मावत नाही: एखादी विलीनीकरणाची बोलणी, एखादा मोठा ठेवीदार. तक्ता त्यांना अडवत नाही. फक्त त्यांच्या समोर एक हिशेब ठेवता येतो. मूळ सहा कामांच्या रांगेत डॅशबोर्ड पहिला आणला तर इतर पाचही कामे सहा-सहा आठवडे मागे जातात. त्यांचे मूल्य एकूण ३४, म्हणून नुकसान २०४. डॅशबोर्ड एकोणीस आठवडे लवकर मिळतो, त्याचे ३ प्रमाणे ५७ परत मिळतात. निव्वळ किंमत १४७. ‘साहेब, हे एवढे लागेल, करू का?’ असे विचारून होकार आला की तक्त्यात त्या कामासमोर ‘अध्यक्षांच्या निर्णयाने’ असे लिहायचे आणि गुण तसेच ठेवायचे. गुण बदलून काम वर ढकलले की पुढच्या बैठकीपासून कोणीच तक्त्यावर विश्वास ठेवत नाही. माझ्या मते ही एक ओळ लिहिण्याची सवय सूत्रापेक्षाही जास्त टिकवण्यासारखी आहे. कारण अपवाद दिसत राहतात, मोजता येतात आणि वर्षाअखेर किती झाले ते संचालक मंडळापुढे ठेवता येते.

तक्ता महिन्यातून एकदा पुन्हा मांडावा. रोज मांडला तर हातातले काम अर्धवट सोडून दुसरे उचलण्याची सवय लागते, आणि अर्ध्यावर सोडलेल्या कामाला परत हात घालताना पुन्हा सगळे आठवावे लागते. त्या वेळेचा हिशेब कुठेच नसतो. मांडताना झालेल्या कामांसमोर दोन रकाने भरायचे: प्रत्यक्षात किती आठवडे लागले आणि अपेक्षित नुकसान खरेच थांबले का. पासबुकाला एकाऐवजी दोन आठवडे लागले असतील, तर छपाईच्या पुढच्या कामाला कोणी ‘एक आठवडा’ म्हटले की हा जुना रकाना दाखवायचा. हप्त्याचे एसएमएस सुरू होऊन दोन महिने झाले आणि चुकणारे हप्ते कमी झाले नाहीत, तर विसरभोळेपणा हे कारणच नव्हते, असे समजून वसुली अधिकाऱ्याशी नव्याने बोलायला बसायचे.